पैसे मुलीचे, औषधं बाबांची

‘पोरीनं बापाला पैसे पाठवले, बापानं ते दुकानात दिले.’ आमच्या गल्लीतल्या औषधवाल्या काकांनी माझ्या लॅपटॉपवरचं चित्र चार-पाच सेकंद बघितलं, एवढं बोलले आणि गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचायला लागले. मी तशीच काउंटरपाशी उभी. चित्र देखणं होतं, रंग जमले होते, ज्या कंपनीसाठी ते काढलं होतं त्यांनाही आवडलं होतं. फक्त काकांनी सांगितलं तसं त्या सोयीत घडतच नाही.

काम होतं एका पेमेंट ॲपच्या वेबसाइटचं. अशा ॲपची जाहिरात करणारं एकच लांब पान असतं, त्याला लँडिंग पेज म्हणतात. पान उघडल्यावर, बोटानं वर सरकवायच्या आधी जो भाग दिसतो तो हिरो सेक्शन. तिथे एक ठळक ओळ, एक बटण आणि एक चित्र. माणूस तिथे काही सेकंदच रेंगाळतो, त्यामुळे चित्रानं तेवढ्यातच सोय समजावून सांगायची असते. हल्ली अशी चित्रं हातानं काढण्याऐवजी एआयच्या साधनांना वर्णन लिहून देऊन काढून घेतात. ते वर्णन म्हणजे प्रॉम्प्ट. आणि पेमेंट ॲप म्हटलं की चित्र बहुतेक वेळा आयसोमेट्रिक मागतात. वरून तिरपं बघितल्यासारखं, चौकोनी चौथऱ्यावर मांडलेल्या खेळण्यातल्या गावासारखं.

समजावायची सोय होती यूपीआय सर्कल. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2024 मध्ये हिची घोषणा केली आणि एनपीसीआयनं ती आणली. कल्पना घरगुतीच आहे. खातं एकाचं, पण त्यातून पैसे देण्याची मुभा घरातल्या दुसऱ्यालाही. खातं ज्याचं तो मुख्य वापरकर्ता. तो जास्तीत जास्त पाच जणांना आपल्या वर्तुळात घेऊ शकतो. वर्तुळात आलेल्या माणसाला मात्र एकाच मुख्य वापरकर्त्याचं वर्तुळ स्वीकारता येतं. मुभा दोन तऱ्हेची. पूर्ण मुभा असेल तर तो माणूस ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतःच पैसे देऊन मोकळा होतो. ही मर्यादा महिन्याला फार तर 15,000 रुपये आणि एका वेळी 5,000 रुपये. अर्धी मुभा असेल तर तो दुकानात क्यूआर स्कॅन करतो, पण मंजुरी मुख्य वापरकर्त्याकडे मागितली जाते. मुख्य वापरकर्ता आपल्या फोनवर यूपीआय पिन टाकतो आणि मगच पैसे जातात.

कंपनीला दोन्ही तऱ्हा एका चित्रात हव्या होत्या. मी नाही म्हटलं. एका चित्रात एकच गोष्ट घडू शकते, आणि ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्या माणसांची भीती अर्ध्या मुभेनंच जाते. म्हणून प्रसंग ठरला तो असा : साताऱ्यातले बाबा औषधाच्या दुकानात उभे आहेत, पुण्यातली मुलगी ऑफिसात आहे. बाबा स्कॅन करतात, मुलगी मंजुरी देते, पैसे मुलीच्या खात्यातून थेट दुकानदाराच्या खात्यात जातात. बाबांच्या हाती पैसे क्षणभरही येत नाहीत. त्यांच्या हाती फक्त औषधाची पुडी येते.

हे एक वाक्य चित्रात उतरवायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले.

पहिला प्रॉम्प्ट कंपनीतल्याच एका मुलानं लिहून आणला होता.

```
isometric illustration of UPI Circle feature,
payment app, hero image, modern, clean, blue
```

या वर्णनावर जे येतं ते तुम्ही शंभर वेबसाइटवर बघितलेलं असतं. हवेत तरंगणारा निळा फोन, भोवती सोन्याची नाणी, एक ढाल, एक कुलूप, जमल्यास ढग. नाण्यांवर बहुधा डॉलरचं चिन्ह. याला साधनाचा दोष म्हणता येत नाही. ‘पेमेंट ॲप’ या शब्दांबरोबर त्यानं शिकलेली लाखो चित्रं तशीच आहेत. यूपीआय सर्कल ही काय भानगड आहे हे त्याला ठाऊक नाही. ‘सर्कल’ वाचून त्यानं फोनभोवती एक गोल कडं तेवढं काढलं. प्रॉम्प्टमध्ये सोयीचं नाव लिहिलं की सोय कळली, हा गैरसमज इथेच सोडावा लागतो. नाव काढून टाकायचं आणि डोळ्यांना काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. कोण, कुठे उभं, हातात काय, तोंड कुणीकडे.

‘मॉडर्न’, ‘क्लीन’ हे शब्दही मी खोडले. त्यांनी चित्रात काहीच ठरत नाही. ‘लाकडी काउंटर, मागे औषधांच्या खोक्यांच्या तीन फळ्या’ म्हटलं की ठरतं.

दुसऱ्या फेरीत मी तीन चौथरे मागितले. डावीकडे मुलगी, मध्ये बाबा, उजवीकडे दुकान. तिघांना जोडणारी एक रेघ. हेच ते काकांना दाखवलेलं चित्र. आता लिहिताना चूक ढळढळीत दिसते. तीन चौथरे एका ओळीत मांडले की वाचणारा ते डावीकडून उजवीकडे, एसटीच्या थांब्यांसारखे वाचतो. मधला थांबा बाबांचा, म्हणजे पैसे बाबांच्या हातातून गेले. रेघेवर मी बाण काढले होते, पण चौथऱ्यांच्या मांडणीनं आधीच गोष्ट सांगून टाकली होती. बाणांकडे कोण बघतंय?

शिवाय त्या चित्रात एक खरोखरची धोक्याची गोष्ट होती, तीही मला उशिरा दिसली. साधनानं बाबांच्या फोनवर आकड्यांचं कीपॅड काढलं होतं. म्हणजे चित्र सांगत होतं की पिन बाबा टाकतात. अर्ध्या मुभेत बाबांना मुलीचा पिन माहीतच नसतो, आणि माहीत असू नये हाच तर सगळा मुद्दा आहे. बाबा आपल्या फोनमधलं ॲप स्वतःच्या पासकोडनं किंवा बोटाच्या ठशानं उघडतात, तेवढंच. पिन कुणी टाकायचा यावर आपल्याकडे किती लोक फसलेत! पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँका वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत. अशा देशात पेमेंट ॲपच्या पहिल्या चित्रात चुकीच्या माणसाच्या हाती कीपॅड देणं बरं नव्हे.

पुढचं सांगायच्या आधी आयसोमेट्रिक या शब्दाकडे नीट बघायला हवं, कारण सुटका त्याच्यातच होती.

ज्यांनी डिप्लोमा किंवा आयटीआय केलंय त्यांना हा शब्द ड्रॉइंगच्या तासापासून माहीत आहे. मिनीड्राफ्टर लावून 30 अंशांच्या रेघा मारायच्या, ठोकळ्याच्या तीन बाजू एकदम दाखवायच्या. ही रीत नीट मांडली केंब्रिजमधल्या विल्यम फॅरिश या प्राध्यापकानं, 1822 मध्ये. वर्गात तो यंत्रांची मॉडेलं जोडून दाखवायचा. तास संपला की ती सुटी करायची आणि पुढच्या तासाला मदतनीसांनी पुन्हा जोडायची. त्यांना बघून जोडता येईल असं चित्र हवं होतं. नेहमीच्या यथार्थदर्शनात लांबची वस्तू लहान होते, म्हणून मोजमाप हरवतं. फॅरिशच्या रीतीत लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना एकच माप चालतं. कागदावर या तीन दिशा एकमेकींशी 120 अंशांचा कोन करतात, आणि जमिनीवरच्या दोन्ही दिशा आडव्या रेषेशी 30 अंशांनी वर जातात. समांतर रेषा कधीच एकमेकींजवळ येत नाहीत. दूरचा चौथरा जवळच्या चौथऱ्याएवढाच राहतो.

रेल्वेच्या रुळांचं चित्र आठवा, दूर कुठेतरी ते एका बिंदूत मिळतात. आयसोमेट्रिकमध्ये तो बिंदू नसतोच. आणि तो नसल्यामुळे एक मोठी सवलत मिळते : एका चित्रातला तुकडा कापून दुसऱ्या चित्रात कुठेही ठेवला तरी तो तिथलाच वाटतो. लहान-मोठा करावा लागत नाही, कोन बदलावा लागत नाही. फॅरिशला यंत्राचे भाग जोडायचे होते, मला बाबा, मुलगी आणि औषधाचं दुकान.

एआयच्या साधनांना एकाच प्रॉम्प्टमध्ये तीन माणसं, दोन फोन, एक दुकान आणि त्यांचे आपसातले संबंध सांगितले की घोळ होतो. मुलीची हिरवी ओढणी बाबांच्या खांद्यावर येते, दुकानदार फोन धरतो, क्यूआर मुलीच्या टेबलावर जातो. एका वस्तूचा गुण दुसरीला चिकटतो. वस्तू जितक्या जास्त, तितका हा गोंधळ जास्त. म्हणून मी सगळं एकदम मागणं सोडून दिलं. एका प्रॉम्प्टला एक चौथरा. जोडायचं काम माझं.

आणि चौथरे तीन नाहीत, दोनच. काकांच्या निकालानंतर हे सुचलं. बाबा आणि दुकान खऱ्या आयुष्यात एकाच जागी आहेत, मग चित्रात वेगळे कशाला? साताऱ्याचा एक चौथरा : काउंटर, अलीकडे बाबा, पलीकडे दुकानदार. पुण्याचा एक चौथरा : मुलीचं टेबल आणि तिच्या पायाशी छोटी बँक. बाबा आता वाटेवरचा थांबा राहिले नाहीत. ते दुकानातलं गिऱ्हाईक झाले.

साताऱ्याच्या चौथऱ्याचा प्रॉम्प्ट शेवटी असा झाला :

```
Isometric illustration, parallel projection, all
parallel edges stay parallel. One square platform:
small Indian chemist shop, wooden counter, three
shelves of medicine boxes. Elderly man in white
shirt in front, holding up a phone, facing the
counter. Chemist behind, handing a paper packet.
Blank QR stand on counter. Light from upper left.
Plain white background.
--ar 1:1 --no coins, text, logo, shield
```

यातल्या काही गोष्टी अनुभवानं आल्या आहेत. ‘आयसोमेट्रिक’ एवढाच शब्द लिहिला तर साधन ‘वरून तिरपं’ एवढंच समजतं आणि हळूच यथार्थदर्शन मिसळून देतं. म्हणून समांतर कडा समांतर राहाव्यात, हे वेगळं लिहावं लागतं. ‘लुप्तबिंदू नको’ असं मात्र लिहायचं नाही. वर्णनात एखाद्या गोष्टीला ‘नको’ म्हटलं की साधनाला ती गोष्टच ऐकू जाते. ‘नाणी नकोत’ लिहिलं की नाणी हमखास येतात. आपण लहान मुलाला ‘पाणी सांडू नकोस’ म्हणतो, तसंच. मिडजर्नीमध्ये यासाठी शेवटी `--no` ही वेगळी सोय आहे, नकोशा गोष्टी तिथे टाकायच्या. इतर साधनांत जे हवं तेच ठामपणे लिहायचं आणि नको त्याचं नावही काढायचं नाही.

उजेड कुठून येतो तेही दर प्रॉम्प्टमध्ये तेच हवं. दोन चौथरे वेगवेगळे काढून एकत्र ठेवणार, आणि एकाची सावली उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे पडली तर कुणालाही नेमकं काय ते सांगता येणार नाही, पण सगळ्यांना काहीतरी खटकेल. रंग आणि रेघेची जाडी सारखी राहावी म्हणून साताऱ्याचं पसंत पडलेलं चित्रच मी पुण्याच्या प्रॉम्प्टला नमुना म्हणून जोडलं. मिडजर्नीत ते `--sref` लिहून जोडता येतं.

चित्र आलं की आधी ते खरोखर आयसोमेट्रिक आहे का ते तपासायचं. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, मी ठेवून फसले आहे. चौथऱ्याची खालची एक कड निवडायची, तिच्या टोकापासून 100 पिक्सेल आडवं जायचं आणि कड किती वर गेली ते मोजायचं. 58 च्या आसपास आली तर कोन 30 अंशांचा. 50 आली तर तो जुन्या संगणक खेळांचा कोन. तिथे पिक्सेलच्या पायऱ्या सुबक याव्यात म्हणून दोन आडवे, एक उभा असं प्रमाण ठेवत. कोन साडेसव्वीस अंशांच्या जवळ येतो. तोही चालतो, पण दोन्ही चौथऱ्यांना एकच हवा. एक 58 चा आणि दुसरा 50 चा असेल तर ते शेजारी ठेवल्यावर एक जमीन कलंडल्यासारखी वाटते. मग समोरासमोरच्या दोन कडा मोजायच्या. एक 58 आणि दुसरी 52 आली तर रेषा जवळ येताहेत, म्हणजे यथार्थदर्शन घुसलंय. ते चित्र कितीही गोड असलं तरी फेकायचं. पुण्याच्या चौथऱ्याचे मी सोळा नमुने काढले, त्यातले या मोजणीत चारच टिकले.

आता रेघा. साधनाकडून त्या मागायच्याच नाहीत, कारण या चित्राचा सगळा अर्थ त्यांच्यात आहे आणि अर्थ नशिबावर सोडता येत नाही. मी त्या इलस्ट्रेटरमध्ये हातानं काढल्या. रेघा दोन आणि दोघी दोन जातींच्या. बाबांच्या फोनमधून मुलीच्या फोनकडे जाणारी बारीक, तुटक रेघ म्हणजे विचारणा. तिच्यात पैसे नाहीत. मुलीच्या पायाशी असलेल्या बँकेतून दुकानदाराकडे जाणारी जाड, अखंड रेघ म्हणजे पैसे. ती बाबांच्या मागून जाते आणि काउंटरच्या दुकानदाराच्या बाजूला पोचते. बाबांना ती कुठेही शिवत नाही. त्यासाठी मला बाबांना चित्रात जरासं डावीकडे सरकवावं लागलं. फॅरिशची कृपा, सरकवता आलं.

रेघ काढताना पहिल्यांदा मी सरळ तिरपा बाण मारला होता, इथून तिथे. तो जमिनीवर पडेचना, हवेत पतंगाच्या मांज्यासारखा लटकत राहिला. आयसोमेट्रिक चित्रात जमिनीवरची रेघ त्या दोन 30 अंशांच्या दिशांनीच गेली तर जमिनीवर वाटते. म्हणून तिला रस्त्यासारखं वळण द्यायचं : आधी एका दिशेनं, मग काटकोनात दुसऱ्या दिशेनं. कागदावर तो काटकोन 120 किंवा 60 अंशांचा दिसतो, डोळा मात्र त्याला काटकोनच समजतो.

या रीतीची एक खोडही आहे. लांबची वस्तू लहान होत नसल्यामुळे, कागदावर वर असलेला चौथरा ‘लांब आहे’ की ‘उंचावर आहे’ हे कळत नाही. पुण्याचा चौथरा मी वरच्या बाजूला ठेवला होता आणि कंपनीतल्या एका बाईंना वाटलं की मुलगी गच्चीवर बसलीय. उपाय सावलीचा. चौथऱ्याखाली, त्याला चिकटून पातळ सावली दिली की तो जमिनीवर बसतो. सावली खाली सुटी पडली की तो तरंगतो. दोन्ही चौथऱ्यांना चिकटलेली सावली दिली आणि मुलगी गच्चीवरून खाली आली.

फोनचे पडदेही हातानंच काढले. एआयनं काढलेल्या कीपॅडवर कधी आठ बटणं असतात, कधी चौदा. आधी पडदा सपाट, समोरून दिसतो तसा काढायचा. मग इलस्ट्रेटरमध्ये त्याची उंची 86.6 टक्के करायची, 30 अंशांनी तिरपा करायचा आणि उणे 30 अंशांनी फिरवायचा. तो टेबलावर ठेवल्यासारखा अचूक बसतो. मुलीच्या फोनवर चार ठिपके आणि खाली कीपॅड. बाबांच्या फोनवर फक्त वाळूचं घड्याळ, कारण ते थांबलेत. हिरो सेक्शनमधला हा फोन पडद्यावर नखाएवढा दिसतो, त्यात यापेक्षा जास्त काही मावत नाही. मुलीच्या पडद्यावर ठिपक्यांच्या वर मी बाबांचा गोल चेहरा तेवढा ठेवला. मंजुरी मागणारं माणूस अनोळखी नाही हे दिसायला हवं होतं. कुणीही धाडलेल्या विनंतीवर पिन टाकायचा असतो, असं या चित्रातून कुणी शिकू नये.

अक्षरं चित्रात एकही नाही. देवनागरी म्हटलं की ही साधनं अजून अडखळतात. ‘औषधालय’ मागितलं तर वेलांट्या एकीकडे, काने दुसरीकडे, आणि मध्येच एखादं कुठल्याच लिपीत नसलेलं अक्षर. ठळक ओळ आणि बटण वेबपानाच्या मजकुरात ठेवायचं, म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही पानांना एकच चित्र चालतं. रुपयाचं चिन्हही फॉन्टमधून घेतलेलं, कारण साधन त्याच्या दोन आडव्या रेघांपैकी एक गाळतं. क्यूआरच्या पाटीवर तर काहीच काढलं नाही, कोरे तीन चौकोन तेवढे. एआयनं काढलेला क्यूआर दिसायला क्यूआर असतो, वाचायला नसतो. आणि चुकून वाचता आलाच तर तो कुणाच्या खात्याचा, हे कोण सांगणार?

मोबाइलवर काय होईल हा प्रश्न कंपनीनं अगदी शेवटी विचारला, खरं तर तिथून सुरुवात करायला हवी. बहुतेक लोक हे पान फोनवरच बघणार. रुंद चित्र 360 पिक्सेलच्या पडद्यावर आवळलं तर बाबा मुंगीएवढे होतात. आमचे चौथरे सुटे होते, म्हणून मोबाइलसाठी पुण्याचा चौथरा उचलून सरळ साताऱ्याच्या वर ठेवला, दोन्ही रेघा नव्या मोजमापानं पुन्हा काढल्या, झालं. एकाच प्रॉम्प्टमधून आलेलं अखंड चित्र असतं तर हे कापून जमलं नसतं.

वजनाचंही बघावं लागलं. पहिली फाइल जवळजवळ दोन एमबीची PNG होती. पानावरचा सगळ्यांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे, आणि हिरो सेक्शनमध्ये तो मोठा भाग बहुधा हे चित्रच असतं. तेच चित्र WebP मध्ये आणलं तर वजन दीडशे केबीच्या खाली आलं, डोळ्यांना फरक कळला नाही. वेबसाइट बांधणाऱ्या मुलानं सवयीनं सगळ्या चित्रांना `loading="lazy"` लावलं होतं. त्यानं चित्र जरा उशिरा मागवलं जातं. खालच्या चित्रांना ते ठीक, पण वरच्याला लावलं तर पान उघडतं आणि हिरोची जागा रिकामी. ते काढायला लावलं. आणि ज्यांना चित्र दिसत नाही, त्यांच्या फोननं वाचून दाखवण्यासाठी एक ओळ लिहिली : ‘वडील औषधाच्या दुकानात क्यूआर स्कॅन करत आहेत, मुलगी तिच्या फोनवर मंजुरी देत आहे, पैसे मुलीच्या बँकेतून दुकानदाराला जात आहेत.’ ही ओळ लिहून झाल्यावर वाटलं, प्रॉम्प्ट लिहायच्या आधी हीच लिहायला हवी होती.

नवं चित्र घेऊन मी पुन्हा काकांकडे गेले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. या वेळी त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप जवळ ओढला.

‘हे बाबा औषध घ्यायला आलेत. पैसे पोरगी देतीय, तिकडनं.’

‘पिन कोण टाकतंय?’

‘पोरगीच की. ठिपके तिच्याकडं आहेत.’ मग जाड रेघेवरून बोट फिरवत ते काउंटरपर्यंत आले आणि थांबले. ‘पण मला कसं कळणार पैसे आले ते?’

मला कळेना ते काय विचारताहेत. त्यांनी न बोलता आपल्या काउंटरवरच्या निळ्या डब्यावर टिचकी मारली. साउंडबॉक्स. दिवसभर ‘इतके रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारा. तो बोलल्याशिवाय काका पुडी सोडत नाहीत, आणि माझ्या चित्रातला दुकानदार पुडी आधीच पुढे करून बसला होता.

घरी येऊन एक छोटा ठोकळा काढला, वर जाळी, कडेनं उजेडाच्या दोन वक्र रेघा. पैशांची जाड रेघ आता त्याच्याशी येऊन संपते.